मुक्काम आधी, रस्ता नंतर: तिरुविडैमरुदूरला तीन रात्री

गेले काही भाग आपण घरच्या गाडीने प्रवास कसा आखावा हे पाहिलं. आज बोलायचं आहे कॅम्परव्हॅनबद्दल, म्हणजे आत झोपायची, थोडं शिजवायची आणि शौचालयाची सोय असलेल्या गाडीबद्दल. पहिल्यांदाच अशी गाडी भाड्याने घेऊन निघणारे बहुतेक जण नकाशा उघडतात, पाहायच्या ठिकाणांवर खुणा करतात आणि त्या रेघेने जोडतात. रात्री कुठे थांबायचं हे "बघू तिथे गेल्यावर" या खात्यात जातं. मी उलट सांगणार आहे. आधी रात्रीचे मुक्काम ठरवा, मग ते जोडणारा रस्ता निवडा, आणि पाहायची ठिकाणं सर्वांत शेवटी त्यात बसवा.

कारण साधं आहे. हॉटेलात राहणारा प्रवासी दिवसभर चुकला तरी रात्री त्याला पंखा, पाणी आणि दाराला कडी मिळते. व्हॅनमधल्या माणसाला त्या तिन्ही गोष्टी मुक्कामाची जागा देते. जागा वाईट मिळाली की झोप जाते, आणि दोन रात्री झोप झाली नाही की तिसऱ्या दिवशी साडेतीन टनाची गाडी चालवणारा माणूस धोकादायक होतो. सुट्टीचा मजा-बेमजा नंतरची गोष्ट, आधी ही सुरक्षिततेची बाब आहे.

उदाहरण म्हणून मी कावेरीचा त्रिभुज प्रदेश घेतो. तंजावर, कुंभकोणम, तरंगमबाडी हा टापू. मराठी माणसाला तो परका नाही. 1676 च्या सुमारास व्यंकोजी राजांनी तिथे भोसल्यांचं राज्य उभं केलं आणि ते 1855 पर्यंत टिकलं. आणि व्हॅनवाल्याला तो सोयीचा आहे, कारण जमीन सपाट आहे, घाट नाहीत, आणि दर काही किलोमीटरवर गाव लागतं. या सहलीचा मधला तळ मी धरला आहे कुंभकोणमच्या पूर्वेला 9 किलोमीटरवरचं तिरुविडैमरुदूर. जुन्या मराठी कागदांत त्याचं नाव मध्यार्जुन. तंजावरचे अमरसिंह महाराज 1798 मध्ये गादीवरून दूर झाल्यावर याच गावी येऊन राहिले.

महिना कोणता?

या भागात तारीख चुकली तर मुक्काम चुकतो, म्हणून आधी पंचांग. इथला मोठा पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये येत नाही, तो ऑक्टोबर ते डिसेंबर येतो. त्या काळात भातखाचरं तुडुंब असतात आणि कडेची माती लोण्यासारखी मऊ होते. मार्चनंतर उकाडा असा की बंद व्हॅनमध्ये रात्री झोपणं अवघड. राहतो तो साधारण डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी मध्य.

त्यातही मी जानेवारीचे पहिले बारा दिवस निवडेन, आणि त्याचं कारण नकाशावर सापडत नाही. 16 डिसेंबरच्या आसपास सुरू होऊन पोंगलच्या आदल्या दिवशी संपणारा महिना म्हणजे तमिळ मार्गळी, आपला धनुर्मास. या महिन्यात तिथे लग्नं लावत नाहीत. त्यामुळे गावोगावची कल्याण मंडपं, म्हणजे आपली मंगल कार्यालयं, रिकामी असतात. मोठं फरसबंद आवार, फाटक, रखवालदार, नळ, शौचालयं, विजेची मजबूत जोडणी: व्हॅनला जे जे हवं ते सगळं तिथे असतं. पोंगल झाला, तै महिना लागला, की लग्नांचा हंगाम सुरू होतो आणि तीच आवारं गाड्यांनी भरून जातात. तिरुविडैमरुदूरला तर तै महिन्यात पूसम नक्षत्रावर मोठा उत्सव असतो, पौष किंवा माघ पौर्णिमेच्या सुमारास. रथ निघतो, देवळाभोवतीचे रस्ते माणसांनी भरतात. उत्सव जरूर पाहावा, पण व्हॅन घेऊन नव्हे.

आणखी एक तारीख पाहा. तिरुवैयारूला त्यागराजांची आराधना पौष वद्य पंचमीला असते. आपल्या वाटेवर ते गाव आहे. ती तिथी तुमच्या दिवसांत येत असेल तर एकतर संगीत ऐकायला म्हणून मुद्दाम जा आणि गाडी तंजावरला ठेवा, नाहीतर त्या दिवशी तो रस्ता टाळा.

मार्गळीची एक किंमतही आहे. या महिन्यात देवळं पहाटे फार लवकर जागी होतात आणि भोंग्यावर भजनं लागतात. देवळाला चिकटून गाडी लावलीत तर चार-साडेचारला उठण्याची तयारी ठेवा. अर्धा-एक किलोमीटर दूर राहिलात तर तोच आवाज गोड वाटतो.

रात्रीला किती वीज लागते?

आता मुक्कामाची जागा कशी हवी हे ठरवू. ते ठरतं विजेवरून. भाड्याच्या व्हॅनमध्ये बहुधा 12 व्होल्टची, 200 अँपिअर-अवर क्षमतेची लिथियम बॅटरी असते. 12 ला 200 ने गुणा, 2400 वॉट-अवर झाले. म्हणजे घरच्या मीटरवरचे साधारण अडीच युनिट.

आता खर्च. दोन छोटे पंखे रात्री दहा तास चालले तर मिळून अर्धा युनिट. छोटा फ्रिज दिवसाला जवळपास अर्धा युनिट. दिवे, फोन, पाण्याचा पंप मिळून पाव युनिटच्या आत. एकूण सव्वा युनिट. म्हणजे पंख्यावर झोपलात तर बॅटरी दीड दिवस सहज पुरते. आता एसी धरा. एक टनाचा एसी अधूनमधून बंद-चालू होत सरासरी सहा-सातशे वॉट ओढतो. आठ तासांचे पाच युनिट. बॅटरीत आहेत अडीच. म्हणजे मध्यरात्रीनंतर कधीतरी गाडी अंधारात आणि उकाड्यात. "गाडीत एसी आहे" या वाक्याचा खरा अर्थ "जिथे बाहेरून वीज मिळेल तिथे एसी आहे" असा घ्यावा.

म्हणून नियम असा: एसी हवाच असेल तर मुक्कामाला 15 अँपिअरचं, मोठ्या पिनांचं सॉकेट हवं. पंख्यावर भागणार असेल तर नुसती बॅटरी भरायला साधं 5 अँपिअरचं सॉकेटही चालतं. जानेवारीत या भागात रात्रीचं तापमान 20-22 अंशांपर्यंत उतरतं, तेव्हा खिडक्यांना नीट जाळी असेल तर पंखा पुरतो. डासांचा विषय चेष्टेचा नाही. चारी बाजूंना कालवे, तळी आणि खाचरं आहेत. गाडी ताब्यात घेताना प्रत्येक खिडकीची जाळी हाताने फिरवून पाहा, आणि दाराला चुंबकी जाळीचा पडदा नसेल तर मागून घ्या.

वायर स्वतःची न्या: 20 मीटर लांब, अडीच चौरस मिलिमीटर जाडीची, तीन पिनांची. ती वापरताना पूर्ण उलगडा. रिळावर गुंडाळलेली वायर एसीच्या भाराने तापते आणि वरचं आवरण वितळतं. सॉकेट तपासायचा छोटा तीन दिव्यांचा प्लग कुठल्याही विजेच्या दुकानात मिळतो. त्यात अर्थिंग नाही असं दिसलं तर ते सॉकेट वापरू नका. व्हॅनचा सांगाडा लोखंडी आहे, आणि तुम्ही ओल्या पायाने पायरीवर उभे असणार आहात.

तिरुविडैमरुदूरची जागा कशी शोधायची?

या टापूत व्हॅनसाठी तयार केलेले तळ मिळतील असं धरू नका. तीन पर्याय असतात. पहिला, आवार असलेलं लॉज किंवा होमस्टे, जिथे एक खोली घ्यायची आणि गाडी अंगणात लावायची. दुसरा, मार्गळीत रिकामं असलेलं कल्याण मंडपम. तिसरा, रात्रभर चालू असणारा, मोठ्या आवाराचा पेट्रोलपंप, जो एका रात्रीची अडचण भागवतो, पण तीन रात्री राहायची जागा नव्हे.

नवख्यांनी पहिला किंवा दुसरा घ्यावा. गाडीसोबत चालक येणार असेल तर पहिलाच घ्या. चालकाने पुढच्या सीटवर झोपावं असं अनेक जण गृहीत धरतात. तसं करू नका. त्याची झोप ही तुमची सुरक्षितता आहे. एक खोली घेतली की चालकाला पलंग मिळतो, तुम्हाला अंघोळीची जागा मिळते, आणि मालकाला तुम्हाला वीज-पाणी देणं जड जात नाही.

फोन करताना "कॅम्परव्हॅन लावता येईल का" असं विचारू नका, समोरच्याला चित्रच उभं राहत नाही. "टेम्पो ट्रॅव्हलर एवढी गाडी आहे, आतमध्ये लावायची आहे, तीन रात्री" असं सांगा. मग चार गोष्टी विचारा: फाटकाची रुंदी, फाटकावर कमान किंवा लोंबणारी वायर आहे का, 15 अँपिअरचं सॉकेट गाडीपासून किती लांब, आणि त्या तारखांना कुठलं कार्य आहे का. फाटकाचा फोटो मागवा. व्हॅनची लांबी सहा-सात मीटर असते, आणि छतावरचा एसी धरला तर उंची तीन मीटरच्या आसपास जाते. तुमच्या गाडीची नेमकी उंची मोजून कागदावर लिहा आणि तो कागद चालकासमोर काचेला चिकटवा. या भागात रेल्वेखालून जाणारे बुटके भुयारी रस्ते आहेत, आणि पाऊस झाला की त्यांत पाणी साचतं. तिथे अंदाजाने घुसायचं नसतं.

प्रत्यक्ष जागेवर दुपारी चारच्या आत पोहोचा. जानेवारीत तिथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे दोन तास उजेड हातात राहतो आणि जागा पटली नाही तर कुंभकोणमला परत जाऊन दुसरी घेता येते. फौजेत आम्ही कुठल्याही तळावर गाड्या नेण्याआधी एक माणूस पायी पाठवायचो. तुम्हीही तेच करा. गाडी बाहेर थांबवून एकाने आत चालत जायचं आणि पाहायचं.

जमीन: टाच जोरात रोवा. बोटभर खड्डा पडला तर गाडी आत घेऊ नका. इथली गाळाची माती वरून सुकलेली दिसते आणि आतून ओली असते. चाक रुतलं की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. म्हणूनच खाचराच्या बांधावर किंवा कालव्याच्या काठावर, कितीही सुंदर दिसलं तरी, गाडी लावायची नाही.

वर: नारळाचं झाड आहे का पाहा. नारळ पडतो, आणि त्याहून जास्त वेळा वाळलेली झावळी पडते. दोन्हींनी छतावरचा सोलर पॅनल फुटतो, खाली माणूस असेल तर डोकं फुटतं. सावली हवी तर इमारतीची घ्या, आणि ती पश्चिमेकडून येईल असं पाहा. दुपारचं ऊन गाडीच्या पत्र्यावर पडलं नाही तर रात्री आत दोन-तीन अंशांनी बरं वाटतं.

तोंड: गाडी उलटी घालून तोंड फाटकाकडे ठेवा. रात्री कोणाला बरं नाही वाटलं तर मागेपुढे न करता थेट बाहेर पडता आलं पाहिजे. चाकांखाली दोन लाकडी फळ्या देऊन गाडी सपाट करा, आणि थोडा उतार उरलाच तर डोकं उंचावर येईल असं झोपा.

गावात रिकामं मैदान दिसलं तरी ते कोणाचं तरी असतं. एक तमिळ वाक्य पाठ करा: "इंगे वंडी निरुत्तलामा?" म्हणजे "इथे गाडी लावू का?" उत्तर समजलं नाही तरी चेहऱ्यावरून कळतं. देवळाभोवतीच्या रथवीथ्या रुंद आणि मोहक आहेत, पण त्या वाहत्या रस्त्यांत मोडतात. तिथे रात्री गाडी ठेवू नका.

तीन रात्री एकाच जागी का?

नवखा माणूस रोज मुक्काम बदलतो, आणि इथेच सुट्टीचं ओझं होतं. गाडी लावणं, सपाट करणं, वायर टाकणं, सामान बांधणं, निघताना सगळं परत आवरणं यात मिळून दीड-दोन तास जातात. रोज हलायचं ठरवलं तर ते रोजचे दोन तास. तीन रात्री राहिलात तर ते तीन दिवसांत एकदाच. मधले दोन दिवस व्हॅन तिथेच उभी राहते आणि तुम्ही बस, रिक्षा, टॅक्सीने फिरता.

तिरुविडैमरुदूर यासाठी नेमकं आहे. कुंभकोणम ते मयिलाडुतुरै रस्त्यावर बसगाड्या सतत असतात. कुंभकोणम शहरात रस्ते अरुंद आणि गर्दीचे, तिथे व्हॅन नेण्यात काहीच अर्थ नाही, बसने जाऊन कॉफी पिऊन परत यावं. वाटेत तिरुभुवनम, रेशीम विणणाऱ्यांचं गाव. पूर्वेला थोड्याच अंतरावर गोविंदपुरम, जिथे विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं मंदिर आहे. तमिळ भाविकांच्या तोंडून अभंग ऐकायला मिळतात. कुंभकोणमच्या पलीकडे दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर, बाराव्या शतकातलं, 2004 पासून जागतिक वारशात.

गंगैकोंडचोळपुरमला जायचं असेल तर अर्ध्या दिवसाची टॅक्सी करा. वाटेवर अणैक्करैला कोळ्ळिडम नदीवरचा जुना बांध आणि त्यावरचा अरुंद रस्ता आहे. तिथे मोठ्या गाड्यांवर निर्बंध असतात. व्हॅन तळावर राहिली तर हा प्रश्नच उरत नाही.

आणि गावातलं महालिंगस्वामींचं देऊळ पायी. तिथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. पूर्वेच्या दाराने आत गेलेला भाविक त्याच दाराने परत येत नाही, दुसऱ्या दाराने बाहेर पडतो. वरगुण पांड्याच्या मागे लागलेली ब्रह्महत्या पूर्वेच्या दाराशी थांबून राहिली आहे, अशी श्रद्धा आहे. तेव्हा चपला पूर्वेच्या दाराशी काढल्या तर तापल्या दगडावरून अनवाणी वळसा पडेल. आत हातात दिवा घेतलेल्या स्त्रीची पितळी मूर्ती आहे. ती भोसले घराण्यातल्या अम्मणी अम्माळ यांनी, अमरसिंहांचे पुत्र प्रतापसिंह यांच्याशी लग्न व्हावं म्हणून केलेल्या नवसाच्या पूर्तीसाठी दिली. ती शोधा, तिच्यासमोर थोडं थांबा.

बहुतेक देवळं दुपारी साडेबारा ते चार बंद असतात. हे गैरसोयीचं वाटतं, पण संथ दिवसाला ते फार मानवतं. सकाळी सात ते साडेनऊ एक देऊळ, मग हलायचं असेल तर हलणं, दुपारी जेवण आणि झोप, साडेचारनंतर दुसरं देऊळ किंवा नदीकाठ. दिवसाला दोनच गोष्टी. तिसरी यादीत घातली की दुपारची झोप जाते.

रस्ता कोणता?

मुक्काम ठरले: तंजावर दोन रात्री, तिरुविडैमरुदूर तीन रात्री, तरंगमबाडी दोन रात्री. आता ते जोडू.

तंजावर ते कुंभकोणम असा राष्ट्रीय महामार्ग आहे, वेगवान आणि सरळ. पण सुंदर रस्ता दुसरा आहे. तंजावरहून उत्तरेला 13 किलोमीटरवर तिरुवैयारू. तिथून पूर्वेला वळून कावेरीच्या साथीने कपिस्थलम, स्वामिमलै करत कुंभकोणमला येणारा राज्य रस्ता. हाच रस्ता मागे कल्लणै बंधाऱ्यापासून निघतो आणि पुढे मयिलाडुतुरैवरून पूम्पुहारला समुद्राला मिळतो. नदी कशी फाटत, पसरत जाते हे त्या रस्त्याने जाताना कळतं.

सुंदर रस्ता निवडताना तीन गोष्टी तपासा. एक, उपग्रहाच्या चित्रात रस्त्याची रुंदी आणि समोरासमोर दोन बस सुटतील एवढी जागा. दोन, वाटेवरचे पूल आणि रेल्वे ओलांडण्याची ठिकाणं. तीन, वेळ. मोबाइलचा नकाशा कारचा वेळ दाखवतो. व्हॅनसाठी त्याला दीडपट करा. दीडपट करून तीन तासांच्या वर गेलं तर तो टप्पा नवख्यासाठी लांब आहे.

ताशी 35-40 च्या वर जायची गरज नाही. जानेवारीत कापणी जवळ आलेली असते, कापणी यंत्रं रस्त्यावर येतात, आणि काही ठिकाणी भात रस्त्याच्या एका बाजूला वाळत घातलेलं असतं. त्यावरून चाक नेऊ नका, थांबून समोरच्याला जाऊ द्या. बसगाड्या मागून जोरात येतात. आरशात बस दिसली की डावीकडे जागा पाहून तिला पुढे जाऊ द्या, शर्यत करू नका.

प्रत्यक्ष दिवस असा जाईल. समजा 6 जानेवारीला तंजावर सोडलं. सकाळी साडेनऊला निघालात, शाळा-कचेऱ्यांची गर्दी ओसरल्यावर. दहाच्या सुमारास तिरुवैयारू, कावेरीचा घाट, पाऊण तास. मग नदीकाठचा रस्ता, मध्ये एक चहा. साडेबाराला स्वामिमलैच्या आसपास जेवण. दीडला निघून कुंभकोणमच्या बाहेरून वळसा घेत अडीचपर्यंत तिरुविडैमरुदूर. एकूण 60-65 किलोमीटर. पुढे 9 तारखेला मयिलाडुतुरैवरून तरंगमबाडी, साधारण तेवढंच अंतर. तिथे 1620 चा डॅनिश किल्ला आणि समुद्र आहे. गाडी वाळूवर घेऊ नका आणि समुद्राच्या तोंडावर लावू नका, खारा वारा रात्रभर पत्रा आणि कुलपं खातो. 11 ला कारैक्काल, तिरुवारूरवरून तंजावर, 105-110 किलोमीटर, हा सर्वांत लांब टप्पा. कारैक्काल पुदुच्चेरीचा भाग आहे, म्हणून भाड्याच्या गाडीचं परमिट तिथे चालतं ना, हे गाडी घेतानाच विचारा. आठ दिवसांत तळ बदलण्याचं अंतर अडीचशे किलोमीटरच्या आत राहतं.

पुण्या-मुंबईहून व्हॅन घेऊन निघायचं का, असं पुष्कळ जण विचारतात. पुण्याहून तंजावर हजार किलोमीटरपेक्षा बरंच लांब. जाऊन-येऊन सहा-सात दिवस महामार्गावर जातील. आठ दिवसांची सुट्टी असेल तर रेल्वेने किंवा विमानाने दक्षिणेत या आणि गाडी बेंगळुरू किंवा चेन्नईहून घ्या. घेताना नोंदणी पुस्तकात ती कॅम्परव्हॅन किंवा मोटर कॅरव्हॅन म्हणून लिहिली आहे का, ते पाहा. साध्या प्रवासी गाडीत परवानगीशिवाय पलंग-शेगडी बसवली असेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो.

पाणी आणि घाण पाणी

शेवटचा मुद्दा कोणी विचारत नाही आणि तिसऱ्या दिवशी सगळे त्यातच अडकतात. दोन माणसांना काटकसरीने दिवसाला 40-50 लिटर पाणी लागतं. 100 लिटरची टाकी दोन दिवस चालते. पिण्याचं पाणी वेगळ्या 20 लिटरच्या कॅनमध्ये ठेवा, टाकीतलं पिऊ नका. खोली घेतली असेल तर अंघोळ तिथे करा, टाकी दुप्पट चालते.

शौचालयाची काढता येणारी पेटी साधारण 18-20 लिटरची असते. दोघांना दोन ते तीन दिवस पुरते. ती रिकामी करायची जागा एकच: मालकाला विचारून त्यांच्या शौचालयाच्या भांड्यात, नंतर दोन बादल्या पाणी. शेतात नाही, कालव्यात तर कधीच नाही. त्या कालव्याच्या पाण्यावर पुढचं गाव भात पिकवतं. पेटीत घालायचं द्रव्य फॉर्मल्डिहाइड नसलेलं, जैविक घ्या. खेड्यात मैला सेप्टिक टाकीत जातो, आणि फॉर्मल्डिहाइड त्या टाकीतले उपयोगी जंतू मारतं. भांडी धुतलेलं पाणीही आवारात ठिबकू देऊ नका, खाली बादली ठेवा. पुढच्या व्हॅनवाल्याला तो मालक हो म्हणेल की नाही, हे त्या फरशीवरच्या डागावरून ठरतं.

आराखडा घट्ट झाला आहे हे ओळखायच्या तीन खुणा सांगून थांबतो. दोन दिवस लागोपाठ अंधार पडल्यावर मुक्कामाला पोहोचलात. सकाळी बॅटरी तिसऱ्या हिश्श्याच्या खाली दिसली. किंवा गाडी चालवणारा माणूस दुपारी जेवल्यावर गप्प बसू लागला. यातली एक जरी खूण दिसली तरी पुढचा टप्पा रद्द करा आणि आहात तिथे आणखी एक रात्र काढा. म्हणूनच आठ दिवसांच्या या आराखड्यात मी तरंगमबाडीची दुसरी रात्र मुद्दाम ठेवली आहे. तीच गरज पडल्यास कापायची. मध्यार्जुनाची तिसरी रात्र मात्र कापू नका.

पुढच्या भागात व्हॅनच्या चुलीबद्दल बोलू: छोटा गॅस सिलिंडर कुठे ठेवायचा आणि आत शिजवताना हवा कशी खेळती ठेवायची.